संत्र्याची फळगळ: फोटोविना दिलेला अंदाज आणि नंतर हाती आलेली लक्षणे

प्रश्न: सर, परवा आंबिया बहाराच्या फळगळीचं विचारलं तेव्हा फोटो जोडायचा राहून गेला अन् तुम्ही अंदाजानं फवारणी सांगितली. फोटो आताही जात नाही म्हणून लिहूनच सांगतो. फळं हिरवीच पडून राहिली. त्यावर तपकिरी डाग हाये, डाग खाली हाये. दाबलं तर फळ कडक लागते, पण वास उग्र येते. काहींच्या देठाजवळ काळं हाये, दोन-चार फळांना टाचणीएवढं छिद्र पण दिसलं. २२० झाडं हायेत. तुम्ही सांगितलेलं ६० झाडांवर मारून झालं, अन् त्या झाडांखाली फळं कमी पडली असं वाटते. उरलेल्या झाडांवर तेच मारू का बदलू?

उत्तर:

भाऊ, उरलेल्या १६० झाडांवर ते मारू नका. परवाच्या उत्तरातला पाणी काढायचा भाग तसाच राहील, उलट आता तो पहिल्या नंबरवर येईल. कार्बेन्डाझिम काढून टाका आणि त्याच्या जागी फोसेटिल एएल घ्या. जिबरेलिक आम्ल आणि युरिया तूर्त बाजूला ठेवा. पण दुकानात जायच्या आधी बागेत अर्धा तास घालवा आणि मी खाली सांगतो तसे ढीग करून बघा. तुम्ही लिहिलेल्यातला एक शब्द दोन अर्थांचा आहे आणि माझा सगळा बदल त्याच शब्दावर उभा आहे.

परवा माझ्याकडे तीनच गोष्टी होत्या: आंबिया बहार, आठ दिवसांची झड आणि हिरवी फळं खाली. सप्टेंबरात काळ्या भारी जमिनीतल्या बागेत या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय साचलेल्या पाण्यावर जातो. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलं की तंतुमुळांना हवा मिळत नाही, झाडात इथिलीन वाढतं आणि फळाच्या देठाशी तुटण्याचा पदर तयार होतो. फळ वरून निरोगी दिसतं, पण गळून पडतं. तो पदर तयार होऊ नये म्हणून जिबरेलिक आम्ल सांगितलं होतं, १०० लिटर पाण्याला दीड ग्रॅम. झाडाला थोडं नत्र मिळावं म्हणून सोबत एक किलो युरिया होता. कार्बेन्डाझिम मात्र निव्वळ खबरदारी म्हणून टाकलं होतं, देठाकडून शिरणारी बुरशी असलीच तर तिच्यासाठी. फळावर डाग आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. ते विचारल्याशिवाय बुरशीनाशक सांगायला नको होतं, ही चूक माझी.

आता तुमच्या नव्या माहितीतली दोन लक्षणं मला सगळ्यात जड वाटतात. डाग आहे पण फळ कडक आहे, आणि वास उग्र आहे. साध्या सडीत डागाची जागा मऊ पडते, बोट आत जातं. डाग तपकिरी, चामड्यासारखा चिवट, दाबला तरी न दबणारा आणि वर तो उग्र आंबूस वास, हे फायटोफ्थोराच्या तपकिरी फळकुजीचं वर्णन झालं. हा तोच रोगकारक जो बुंध्याला डिंक्या आणतो आणि मुळं कुजवतो. आपल्याकडची बहुतेक संत्रा झाडं जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात आणि जंबेरी या रोगाला हळवी, त्यामुळे तो आपल्या बागांच्या मातीत बहुधा असतोच. झड लागली की त्याचे पोहणारे बीजाणू मातीवरच्या पाण्यात सुटतात, पावसाच्या थेंबांनी उडालेल्या चिखलासोबत वर जातात आणि जमिनीलगतच्या फळांवर बसतात. म्हणून सुरुवात जमिनीपासून साधारण तीन फुटांच्या आत लोंबणाऱ्या फळांपासून होते.

इथे तो शब्द आडवा येतो. तुम्ही लिहिलंय, "डाग खाली हाये." खाली म्हणजे खालच्या फांद्यांवरच्या फळांना डाग आहे, की कुठल्याही फांदीवरच्या फळाच्या बुडाला आहे? पहिला अर्थ असेल तर फळकुजीवर जवळजवळ शिक्का बसतो. दुसरा अर्थ असेल आणि डागवाली फळं शेंड्यापर्यंत सगळीकडे विखुरलेली असतील, तर मला पुन्हा विचार करावा लागेल. मी सध्या पहिला अर्थ धरून चाललोय, पण तुम्ही मात्र धरून चालू नका. पडलेल्या फळावरून हे कळणारही नाही, कारण जमिनीवर पडलं की सगळी फळं सारखीच. झाडाखाली उकिडवं बसा आणि अजून फांदीला असलेली फळं बघा. मातीला टेकलेल्या किंवा चिखलाचे शिंतोडे असलेल्या फळांवर पाण्यात भिजल्यासारखा मळकट, हिरवट-तपकिरी डाग नुकताच सुरू झालेला दिसेल. तसे डाग कमरेखाली सापडले आणि डोक्याच्या वर सापडले नाहीत, की शंका संपली.

आणखी खात्री हवी असेल तर डागवाली दोन-तीन फळं झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवून सावलीत ठेवा. एक-दोन दिवसांत डागावर पातळ पांढरी, मऊसर लव आली तर फळकूजच. हिरवी भुकटी दिसली तर ती नंतर चढलेली नेहमीची बुरशी आहे, तिच्यावरून काही ठरवू नका. पडून चार दिवस झालेलं फळ या कामाला घेऊच नका. आज सकाळी पडलेलं घ्या.

आता देठाजवळच्या काळ्याचं बघू. परवा मीच "देठाकडून शिरणारी बुरशी" असं लिहिलं होतं. माणूस असं वाचून बागेत गेला की आधी देठच बघतो, आणि पडलेल्या फळाच्या देठाशी काही ना काही काळपट दिसतंच, कारण तिथूनच फळ तुटलेलं असतं. तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या अंदाजानंतर दिसलेल्या लक्षणाला मी निम्मं वजन देतो, आणि मी न विचारता तुम्ही सांगितलेल्याला पूर्ण. वासाचं मी विचारलंच नव्हतं, तुम्ही आपणहून लिहिलंत, म्हणून ते माझ्या लेखी जास्त पक्कं.

म्हणूनच ढीग करायचे. बागेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं चालत दहा झाडं घ्या, प्रत्येकाखालची आज पडलेली दहा फळं उचला. शंभर फळं झाली. ती गोणपाटावर चार ढिगांत टाका. पहिल्या ढिगात कुठेही डाग नसलेली, देठाची जागा स्वच्छ असलेली फळं. हा पाण्याच्या ताणाचा ढीग. दुसऱ्यात अंगावर कडक तपकिरी डागाची आणि वासाची. तिसऱ्यात काळेपणा देठापासून सुरू होऊन खाली उतरलेला असलेली. नुसती तुटल्याची खूण काळी असेल तर फळ तिसऱ्यात टाकू नका, पहिल्यात टाका. चौथ्यात छिद्राची. छिद्राचं फळ हलकं दाबा. रस बाहेर आला आणि छिद्राभोवती गोल मऊ सड असेल तर रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. कापल्यावर आत अळ्या वळवळल्या तर फळमाशी.

समजा दुसऱ्या ढिगात साठ, पहिल्यात पंचवीस, तिसऱ्यात दहा आणि चौथ्यात पाच आली. मग लढाई फळकुजीशी आहे, पाणी काढल्यानं पहिला ढीगही हळूहळू आटेल, आणि बाकी दोन ढिगांसाठी आज औषध घ्यायचं नाही. आकडे उलटे आले, म्हणजे पहिल्या ढिगात साठ आणि दुसऱ्यात दहा, तर परवाचाच अंदाज मुख्य. तेव्हा जिबरेलिक आम्ल आणि युरिया उरलेल्या झाडांवर मारा, आणि फोसेटिल फक्त डाग सापडलेल्या सखल भागात. तिसऱ्या ढिगात तीस-चाळीस आली तरच कार्बेन्डाझिमला जागा. फळकुजीवर ते काहीच करत नाही. फायटोफ्थोराला आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, शैवालाच्या भावकीतला आहे. कार्बेन्डाझिम बुरशीत जिथे चिकटून काम करतं तिथे ते याला चिकटतच नाही. आठवडाभर मारलं तरी पैसे आणि पाणी वाया.

ढिगांशिवाय काम केलं की काय होतं ते मी एकदा भोगलंय. कळमेश्वरकडच्या एका बागेला मी असाच न बघता सल्ला दिला होता. मग बागवाल्यानं रोज एक नवी खूण कळवली आणि मी प्रत्येक खुणेला एक औषध जोडत गेलो, आधीचं कुठलंच काढलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं सगळं एकाच ड्रममध्ये कालवलं, त्यात फोसेटिलही होतं आणि ताम्रयुक्त औषधही. फोसेटिलचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्यात तांबं जास्त विरघळतं आणि पानं भाजतात. नवतीची पानं कडांनी करपली, आणि फळगळ जिथे होती तिथेच. तेव्हापासून नवी माहिती आली की आधीच्या उत्तरातलं काय काढायचं ते मी आधी ठरवतो आणि काय घालायचं ते नंतर.

छिद्रांबद्दल थोडक्यात. दोन-चार फळं असतील तर आज दुर्लक्ष करा, पण संध्याकाळी अंधार पडल्यावर विजेरी घेऊन एक चक्कर मारा. पतंग रात्री येतो, फळावर बसलेला दिसतो. त्याच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, बांधावरच्या गुळवेल, वासनवेल, चांदवेलीवर वाढतात, म्हणून फवारणी करून तो आटोक्यात येत नाही. पतंग दिसले तर संध्याकाळी बागेत ओलसर काडीकचऱ्याचा धूर करा आणि पडलेली फळं उचला. सडक्या फळांच्या वासानं ते ओढले जातात.

आता ज्या ६० झाडांवर मारून झालंय ती. तिथे फळं कमी पडली असं तुम्हाला वाटतंय, आणि ते खरंही असेल. पण बहुधा तुम्ही फवारलं तेव्हा पाऊस उघडला होता, नाहीतर फवारता आलंच नसतं. उघाड पडली की गळ आपोआपही कमी होते. म्हणून कालच्या त्याच झाडाशी आजची तुलना करू नका. फवारलेल्या शेवटच्या ओळीतली पाच झाडं आणि तिला लागून असलेल्या न फवारलेल्या ओळीतली पाच झाडं घ्या, दोन्हींखालची जागा साफ करा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. दोन्हीकडे सारखी पडली तर श्रेय पावसाच्या उघडीपीचं. फवारलेल्या बाजूला खरंच निम्मी पडली आणि त्यातली बिनडागाची कमी झालेली दिसली, तर जिबरेलिक आम्लानं आपलं काम केलं, म्हणजे ताणाची गळही बरीच होती. फवारलेल्या ओळी चढावर आहेत की सखलात हेही लिहा. पुष्कळदा माणूस फवारणी उंच बाजूकडून सुरू करतो, आणि तिथे मुळात पाणी साचतच नाही.

त्या ६० झाडांवर झालेल्या फवारणीनं नुकसान काही नाही. त्यांनाही फोसेटिल द्यायचं, फक्त जिबरेलिक आम्ल पुन्हा द्यायचं नाही. या दिवसांत ते जास्त झालं तर सालीचा हिरवेपणा लांबतो आणि फळ रंगावर उशिरा येतं. तुम्ही दिवाळीच्या आसपास कळमन्याला माल न्यायचं बघत असाल तर हा उशीर महागात पडेल.

फोसेटिल एएल लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला ५०० ग्रॅम. पूर्ण झाड भिजवायची गरज नाही. घेर खालून तीन-चार फुटांपर्यंत आतून-बाहेरून भिजवा आणि घेराखालची जमीनही ओली करा, कारण रोगाचा साठा तिथे आहे. एका मोठ्या झाडाला असे चार लिटर धरा. २२० झाडांना ८८० लिटर पाणी आणि सव्वादोन किलोच्या आत औषध. सोबत ड्रममध्ये दुसरं काही नको, ताम्रयुक्त तर मुळीच नको. पाकिटावरचा काढणीआधीचा काळ वाचून ठेवा. फवारल्यावर निदान चार-सहा तास पाऊस नसावा, म्हणून सकाळी दव सुकलं की लगेच सुरू करा.

पण फवारणीच्या आधी, त्याच दिवशी सकाळी, पडलेली सगळी फळं गोळा करा. बांधावर ढीग घालू नका, बागेबाहेर खड्डा करून पुरा. एकेका सडक्या फळावर पुढच्या पावसासाठी बीजाणू तयार होत असतात. ती तशीच ठेवून फवारलं तर दहा दिवसांनी मागचे दिवस पुढे. मातीला टेकलेल्या फांद्यांना बांबूचा टेकू देऊन वर घ्या, निदान दोन फूट तरी. फळांनी लदलेली फांदी आता छाटू नका, ते काम बहार उतरल्यावर करा.

पाण्याचं परवा सांगितलं होतं, आता माप देतो. दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर काढा आणि तो बांधाबाहेर मोकळा करा. चर बागेतच संपला तर शेवटच्या चार झाडांचं तळं होतं. माती ओली असताना ट्रॅक्टर घालू नका, जमीन आणखी दाबली जाईल. माणसं लावून फावड्यानं काढा, महाग पडलं तरी.

चर काढताना प्रत्येक झाडाचा बुंधा बघत जा. डोळा बांधलेला सांधा मातीत गाडला गेला असेल तर माती बाजूला सारा. सालीतून डिंक निघत असेल तर झाडाला खूण करा. ती जागा धारदार चाकूनं रोगट सालीपुरती खरवडून साफ करा, आणि बुंधा कोरडा झाल्यावर बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मलम फक्त बुंध्याला, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. फोसेटिलची फवारणी आणि मलम एकाच दिवशी करू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

एवढं करूनही पुढचे सात-आठ दिवस डागवाली फळं पडत राहतील. ज्या फळात रोग आधीच शिरलाय त्याचा डाग दिसायलाच आठवड्याच्या आसपास लागतो, आणि ते फळ कुठल्याही औषधानं वाचत नाही. त्या दिवसांत घाबरून दुसरं औषध आणू नका. आठवड्यानंतरही खालच्या फळांवर नवे, लहान डाग दिसले तर एक तर चर वाहत नाही, नाहीतर घेराच्या आतली बाजू भिजली नव्हती. त्या वेळी पंधरा दिवसांच्या अंतरानं दुसरी फवारणी घ्या. आणि तोडणीच्या वेळी कमरेखालची फळं वेगळ्या क्रेटमध्ये तोडा. डाग न दिसणारं पण आतून लागलेलं एक फळ क्रेटमध्ये गेलं तर दोन दिवसांत शेजारच्या फळांना लागतं, आणि व्यापारी सगळ्या गाडीचा भाव पाडतो.

फोटो जात नसेल तर राहू द्या. उद्या मला एवढंच लिहा: चार ढिगांचे चार आकडे, फांदीवरच्या डागवाल्या फळांपैकी सगळ्यात उंच फळ जमिनीपासून किती फुटांवर सापडलं, आणि फवारलेली ओळ चढावर की सखलात. डब्यातल्या फळावर लव आली की नाही ते परवा.